गळा किती खोल, कॉलर किती उंच?

माझा चेहरा गोल आणि मान आखूड. ‘व्ही’ गळा चांगला दिसतो असं ऐकून पाच इंची शिवून घेतला, पण काही फरकच वाटत नाही.

आकार बरोबर होता, माप कमी पडलं. आपले बहुतेक टेलर गळ्याची खोली खांद्याच्या मानेलगतच्या टोकापासून सरळ खाली मोजतात. तिथून गळ्याच्या खळीपर्यंतच साधारण तीन-साडेतीन इंच जातात. म्हणजे पाचातले उघडे राहिले जेमतेम दीड-दोन इंच, आणि गोल चेहऱ्याखाली एवढासा त्रिकोण हरवून जातो. साडेसहा-सात सांगून बघा. त्याआधी आरशासमोर ओढणी गळ्यात टाकून दोन्ही पदर छातीवर पिनेने जोडा आणि पिन खालीवर करत राहा. मान मोकळी वाटली की खांद्याच्या त्या टोकापासून पिनेपर्यंत टेप लावा. तेच तुमचं माप, मी सांगितलेल्या आकड्यापेक्षा खरं.

खोली वाढवताना रुंदी मात्र वाढवू देऊ नका, एकूण साडेपाच ते सहा इंच पुरे. दोन्ही वाढलं की खांदा घसरतो आणि दिवसभर तो वर ओढत बसावं लागतं. शिवाय ‘व्ही’च्या कडा उरेब कापल्या जातात, त्यामुळे ताणल्या की पसरतात. गळ्याच्या कडेला आतून सरळ धाग्याची अरुंद पट्टी किंवा फ्युजिंग लावायला आधीच सांगून ठेवा. ट्रायलच्या वेळी जरा वाका. गळा पोकळ उघडला तर कड सैल झाली आहे, तेव्हाच परत द्या.

लग्नासाठी मुलाचा स्टँड कॉलरचा तयार कुर्ता घेतला. मान आखूड असल्याने हनुवटी कॉलरवर टेकल्यासारखी दिसते. दुरुस्त होईल?

बऱ्यापैकी होईल. आधी कॉलरची उंची मोजा. दीड इंचाच्या आसपास असेल तर एक इंचावर आणा, पाऊण केलीत तरी चालेल. कॉलर उसवून खालच्या, म्हणजे जोडाच्या बाजूने कापायची, म्हणजे वरची तयार कड तशीच राहते. कॉलरवर भरतकाम असेल तर खालची ओळ जाईल, ते आधी बघून घ्या.

‘पुढचा गळाही अर्धा इंच उतरवतो’ असं टेलर म्हणाला, तर थांबवा. गळा उतरवला की त्याचा घेर वाढतो आणि तीच कॉलर मग अपुरी पडते. नवीन शिवताना मात्र हे जरूर करावं, शिवाय पुढे दोन टोकांत अर्धा इंच फट ठेवून टोकं गोल करावीत. सध्या कॉलरचं बटण उघडं ठेवलं तरी अर्धं काम होईल.

माझा चेहरा लांबट आणि मान आखूड. चेहऱ्यासाठी बंद गळा घाला म्हणतात, मानेसाठी उघडा. मी करू काय?

ही खरी अडचण, कारण दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंचं असंच होतं. सात इंची ‘व्ही’ घातला तर नजर हनुवटीवरून थेट खाली जायची आणि चेहरा आणखी लांब दिसायचा. कॉलर लावली तर मानच नाहीशी. शेवटी कोऱ्या कापडावर चौकोनी गळा कापून बघितला, रुंदी सात इंच, खोली पाच. खालची आडवी रेघ कॉलरबोनच्या जरा खाली आली. मानेला उघडी जागा मिळाली आणि नजर त्या रेघेवर थांबली. तरी मला किंचित खोल वाटला. रुंदी वाढली की मोजायचं टोक खांद्याच्या उतारावरून खाली सरकतं आणि गळा सांगितल्यापेक्षा खाली बसतो. म्हणून पाव इंच कमी केला, पावणेपाच.

पाठ आम्ही तीनच इंच उतरवली. पुढून रुंद आणि मागून खोल ब्लाउज खांद्यावर टिकत नाही, मग नाडी लावावी लागते. चौकोनाच्या कोपऱ्यात टाक्यापर्यंत, एखादा धागा राखून कात्रीने चीर दिलेली आहे ना, तेही बघा. नाहीतर उलटवल्यावर कोपऱ्यात चुणी पडते आणि कितीही इस्त्री फिरवा, ती जात नाही. (टेलर तरीही इस्त्रीलाच दोष देतो.) टोकदार कोपरे नको असतील तर ते जरा गोल करून घ्या, परिणाम तोच राहतो.

चेहरा लांब, मानही लांब. बोटनेक चालेल का?

तुमच्यासाठीच आहे तो. फक्त पुढची खोली तीन-साडेतीन इंचांपेक्षा कमी ठेवू नका, बसल्यावर कड गळ्याला काचते. खांद्याला शिवून झाल्यावर दोन इंच पट्टी उरली पाहिजे, नाहीतर आतल्या ब्राची पट्टी डोकावते.