केसांच्या कडेने आलेल्या पुळ्या आणि डबीतलं पोमेड

"सर, मी नांदेडला कॉलेजला आहे. कपाळावर केसांच्या कडेनं आणि कानशिलावर बारीक बारीक पुळ्या आल्यात. चार महिने झाले. तोंड दिवसातून चारदा धुतो, तळलेलं सोडलं, तरी जात नाहीत. घरचे म्हणतात पोट साफ नाही. केस सेट केल्याशिवाय बाहेर पडायची लाज वाटते. काय करू?"

लातूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करणारा 22 वर्षांचा एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. बराच वेळ त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही. मग एकदम म्हणाला, "गाल साफ हाय, नाक साफ हाय, मग कपाळच कसं काय?"

त्याच्या त्या प्रश्नातच उत्तर होतं. वयात येताना निघणारी मुरुमं गालावर, नाकावर, हनुवटीवर, पाठीवर अशी विखरून येतात. त्याच्या पुळ्या मात्र केसांच्या रेषेपासून दोन बोटांच्या पट्ट्यातच होत्या. सगळ्या साधारण एकाच आकाराच्या, कातडीच्याच रंगाच्या, दाबल्या तरी न दुखणाऱ्या. पोटामुळे आलेलं काही इतकं आखीव नसतं. जिथे वरून काहीतरी लागतंय तिथेच पुळी येतेय, असं हे लक्षण सांगतं. त्वचारोगतज्ज्ञांनी 1970 साली या प्रकाराचं वर्णन 'पोमेड ॲक्ने', म्हणजे केस बसवायच्या मेणचट पोमेडमुळे येणाऱ्या पुळ्या, या नावाने केलं होतं.

तो केस सेट करायला पोमेडच लावत होता. त्याला ती डबी घेऊन यायला सांगितलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेल्या यादीत पहिलंच नाव पेट्रोलेटम होतं, त्याखाली लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल मायरिस्टेट. यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते आधी छापतात, म्हणून पहिली चार-पाच नावं वाचली तरी माल कळतो. पेट्रोलेटम म्हणजे व्हॅसलीनसारखं घट्ट स्निग्ध द्रव्य. ते केसांना धरून ठेवतं, पण पाण्याने निघत नाही. मे महिन्यातल्या दुपारी घाम आला की ते पातळ होऊन कपाळाकडे उतरतं. तिथल्या छिद्रांच्या तोंडाशी मेलेली कातडी आणि तेल साचून बूच बसतं, तीच ती बारीक पुळी. आयसोप्रोपिल मायरिस्टेट तर छिद्रं बुजवण्यासाठी ओळखलंच जातं.

त्याच्या दिवसाची घडी विचारली तेव्हा बाकीचं उलगडलं. पहाटे मैदानावर धावणं, अंघोळ, मग बोटभर पोमेड थेट कपाळाकडून मागे ओढायचं, वरून टोपी. रात्री आईच्या सवयीने खोबरेल तेल. टँकरच्या पाण्यामुळे शॅम्पू फक्त रविवारी. म्हणजे सोमवारी लावलेलं पोमेड शनिवारपर्यंत डोक्यावर थरावर थर चढत होतं, आणि तेच उशीच्या अभ्र्यावरून आणि टोपीच्या पट्टीवरून पुन्हा कपाळाला लागत होतं. चारदा तोंड धुवून यातलं काही जात नाही. तू चारदा धुतोस ते दोनदावर आण. साबण फार लावला की कातडी कोरडी पडून चुरचुरते, बूच आहे तिथेच राहतं.

पोमेड बदलण्याआधी आधीचा थर काढावा लागतो. ओल्या केसांवर शॅम्पू टाकला की असला मेणचट थर पाणी झटकतो आणि फेस येतच नाही. बोअरच्या जड पाण्यात तर अजूनच. म्हणून कोरड्या केसांतच रुपयाच्या नाण्याएवढा शॅम्पू बोटांच्या पेरांनी दोन मिनिटं चोळायचा, मग थोडं पाणी घेऊन फेस करायचा, धुवायचं आणि पुन्हा एकदा शॅम्पू. डोकं मागे करून धुतलं तर फेस आणि सुटलेला चिकटा कपाळावरून ओघळत नाही. तोंड शेवटी धुवायचं. त्याच दिवशी अभ्रा आणि टोपी साबणाने धुवायची. हेल्मेट वापरत असशील तर त्याचं आतलं अस्तरही.

केस सेट करणं बंद कर, असं त्याला सांगितलं नाही. ते त्याच्यासाठी खरंच महत्त्वाचं होतं, आणि सांगून ऐकलंही नसतं. पर्याय म्हणून पाण्यावर बनलेलं जेल दिलं. ओळखायची एक साधी पद्धत आहे. हरभऱ्याएवढा माल तळहातावर चोळ आणि साबण न लावता गार पाण्याखाली धर. हात स्वच्छ झाला तर डोकंही साध्या पाण्याने बरंच निघेल, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा फार मोठा फायदा आहे. हात तेलकट राहिला आणि पाण्याचे थेंब उभे राहिले तर ती डबी दुकानातच ठेव. 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असलं तर बरं, पण त्या शब्दामागे एकच ठरलेली सरकारी चाचणी नाही. त्यामुळे मागची यादी वाचायचीच.

लावण्याची पद्धत मालाइतकीच महत्त्वाची ठरली. आखूड केसांना हरभऱ्याएवढं जेल पुरतं. दोन्ही तळहातांवर पसरून आधी टाळूच्या मागच्या केसांना, मग मध्ये, आणि हातावर जे उरेल ते समोरच्या केसांच्या टोकांना. कपाळालगतच्या बोटभर पट्टीला हात लावायचाच नाही. धावायला जाताना काहीच नाही. रात्री झोपण्याआधी साध्या पाण्याने केस धुवून पुसायचे. खोबरेल हवंच असेल तर शॅम्पूच्या एक तास आधी, केसांच्या लांबीला, रात्रभर नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत फरक दिसला नाही आणि तो वैतागला. आधी बसलेली बुचं आत तयारच असतात, त्यांना निघायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत पाहायचं ते इतकंच, की नवीन पुळ्या येणं थांबलंय का. दर रविवारी त्याच उजेडात फोटो काढायला सांगितला, कारण आरशात रोज पाहणाऱ्याला बदल कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात बहिणीच्या लग्नात चार दिवस जुनी डबी पुन्हा निघाली, आणि पाचव्या आठवड्याच्या फोटोत उजव्या कानशिलावर नवीन पुळ्या दिसल्या. केस तो तिकडेच वळवायचा. त्यानंतर त्याने डबी स्वतःच फेकली.

एक गोष्ट त्याने उशिरा सांगितली. मित्राने मेडिकलमधून आणून दिलेली एक ट्यूब तो मधूनमधून लावत होता. तिच्यावर बीटामेथासोन लिहिलेलं होतं, म्हणजे स्टेरॉइड. सुरुवातीला लाली बसते म्हणून गुण आल्यासारखं वाटतं, पण पुढे यानेच पुळ्या वाढतात आणि कातडी पातळ होते. अशी ट्यूब तुझ्याकडे असेल तर डॉक्टरांना दाखव. बरेच दिवस रोज लावलेली असेल तर एकदम सोडल्यावर तोंड लाल होऊन भडकू शकतं, तेव्हा कशी सोडायची तेही त्यांनाच विचार. त्या मुलाला त्वचेच्या डॉक्टरांनी ॲडापलीन 0.1 टक्के हे मुरुमांवरचं जेल दिलं: रात्री, कोरड्या कपाळावर, सगळ्या पट्ट्याला मिळून वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. कातडी थोडी सोलवटली, पण नवव्या आठवड्यात पट्टा जवळपास सपाट झाला आणि तो टोपी हातात घेऊन आला.

तुझ्या पुळ्या खाजत असतील, घामाने वाढत असतील, तर ते यीस्टमुळेही असू शकतं. त्याचं औषध वेगळं असतं, केवळ जेल बदलून ते जाणार नाही. मानेच्या मागे कडक गाठी असतील, पू होत असेल किंवा त्या जागचे केस गळत असतील तर आठ आठवडे थांबू नकोस, आधी तपासून घे. यातलं काहीच नसेल तर आज तुझ्या डबीवरची पहिली पाच नावं लिहून काढ.