‘येस्टरडे’ आलं की ‘हॅव’ खोडा

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय सेंट’ लिहायचं की ‘आय हॅव सेंट’? ‘पाठवलं आहे’ म्हणजे ‘हॅव सेंट’ असं शाळेत शिकलो, तरी मॅनेजर खोडतात. काल, आज, आत्ताच असे शब्द आले की हमखास गोंधळ होतो.

तुमचे मॅनेजर नशिबाने मिळालेत. माझे साहेब नेमके उलटे होते.

मी तेव्हा एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये होतो. माल निघाला का, अशी गिऱ्हाईकाची विचारणा आली. मी उत्तर तयार केलं, ‘वी डिस्पॅच्ड द मटेरियल येस्टरडे’. बाहेर जाणारा प्रत्येक मेल आधी साहेबांना दाखवायचा अशी पद्धत होती. त्यांनी प्रिंटवर लाल पेनाने बाण काढून ‘वी’च्या पुढे ‘हॅव’ घुसडलं आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माल काल पाठवला आहे, असं म्हणायचंय ना? मग यातलं ‘आहे’ कुठे गेलं? नुसतं ‘डिस्पॅच्ड’ उद्धट वाटतं.” मी म्हटलं, “साहेब, ‘येस्टरडे’ आहे ना, ‘हॅव’ चालत नाही.” झालं. त्या दिवसापासून मी ‘इंग्रजी पंडित’.

खरी गोम इथेच आहे. मराठीत ‘काल पाठवलं आहे’ हे बिनचूक वाक्य आहे. इंग्रजीतलं ‘हॅव’ मात्र आत्तापर्यंत चालत आलेल्या काळाबद्दल बोलतं. ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘ऑन १२ जून’, ‘ॲट फोर ओ’क्लॉक’ हे सगळे संपलेले काळ. यातला एक शब्द जरी वाक्यात आला तरी साधा भूतकाळ घ्यायचा. म्हणून क्रियापदाकडे नंतर बघा, आधी ‘केव्हा?’चं उत्तर त्याच वाक्यात दिलंय का ते बघा.

‘आय हॅव सेंट द इन्व्हॉइस, प्लीज चेक’ हे उत्तम, कारण केव्हा पाठवलं ते सांगितलेलंच नाही; इन्व्हॉइस आता समोरच्याकडे आहे, एवढंच सांगायचंय. त्याने ‘केव्हा?’ विचारलं की उत्तर ‘आय सेंट इट येस्टरडे आफ्टरनून’. काम तेच, इन्व्हॉइस तोच, वेळ आली आणि ‘हॅव’ गेलं. त्याचा प्रश्नसुद्धा ‘व्हेन डिड यू सेंड इट?’ असाच हवा, ‘व्हेन हॅव यू सेंट’ नाही.

‘आज’ आणि ‘या आठवड्यात’ यांचं घड्याळावर असतं. ‘धिस मॉर्निंग’ सकाळी अकराला लिहिलंत तर सकाळ अजून चालू आहे, ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ चालतं. तेच दुपारी चारला लिहिताना ‘आय कॉल्ड हिम’.

साहेबांचा दुसरा पराक्रम याहून भारी. परदेशी गिऱ्हाईकाला माझी ओळख करून देताना त्यांनी लिहिलं, ‘ही वर्क्ड इन एक्सपोर्ट फॉर फोर इयर्स’. मी त्याच टेबलावर बसलेलो! गिऱ्हाईकाने सभ्यपणे विचारलं, मग आता एक्सपोर्ट कोण बघतं? ‘वर्क्ड फॉर फोर इयर्स’ म्हणजे चार वर्षं केलं आणि सोडलं. अजून तिथेच असेल तर ‘हॅज वर्क्ड’. जिथे ‘हॅव’ नको तिथे घातलं, हवं तिथे गाळलं, आणि उद्धट मी! ‘पासून’चीही हीच गत. आपण ‘२०१९ पासून इथे काम करतो’ म्हणतो, म्हणून ‘आय वर्क हिअर सिन्स २०१९’ असं लिहून मोकळे होतो. तिथे ‘हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ पाहिजे.

‘आत्ताच’चं राहिलं. ‘जस्ट’ एकटा असेल तर ‘आय हॅव जस्ट सेंट इट’, ‘जस्ट नाऊ’ असेल तर ‘आय सेंट इट जस्ट नाऊ’. अमेरिकन लोक ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’बरोबर सर्रास साधा भूतकाळ वापरतात. समोरचा अमेरिकन असेल तर ‘डिड यू सेंड इट येट?’ वाचून हसू नका. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे ‘हॅव रिसीव्हड येस्टरडे’ लिहिल्याने कुणाचा माल अडत नाही, सगळ्यांना कळतं.

एक अपवाद आहे. ‘येस्टरडे’च्या आधी ‘सिन्स’ आलं तर ‘हॅव’ परत येतं: ‘द सर्व्हर हॅज बीन डाउन सिन्स येस्टरडे’. कालपासून आत्तापर्यंत बंदच आहे, काळ संपलेला नाही. साहेबांनी त्या दिवशी हा मुद्दा काढला असता तर मी निदान थोडा विचार केला असता. त्यांनी काढलं काय, तर लाल पेन.