कुर्त्यावरच्या नेहरू जॅकेटचं माप

प्रश्न: माझी छाती ३८ आहे. कुर्त्यावर घालायला नेहरू जॅकेट शिवायचंय, तर छातीत किती लूज ठेवू आणि उंची किती?

उत्तर: तयार छाती ४२ ठेवा, उंची साधारण २७ इंच.

माप उघड्या अंगावर न घेता, जो कुर्ता आत घालणार तोच घालून घ्या. टेप काखेखालून, पाठीवर सरळ ठेवून फिरवा. सुती कुर्त्यावर तुमचं माप ३९ च्या आसपास येईल. त्यात ३ इंच मिळवले की ४२. कुर्ता जाड खादीचा असेल तर मुळातलं मापच वाढतं, म्हणून लूज वेगळं वाढवायला नको. बटणं लावून खुर्चीत बसून बघा: बटणाजवळ आडव्या चुण्या ताणल्या गेल्या तर घट्ट आहे. काखेखाली कापडाचा घोळ लोंबला तर लूज जास्त झालंय.

तरीही खरी फसगत मुंढ्यात होते. छाती बरोबर असूनही मुंढा लहान राहिला तर कुर्त्याची बाही काखेत गोळा होते आणि हात उचलला की सगळं जॅकेट वर चढतं. शर्टाच्या मुंढ्यापेक्षा तो अर्धा ते पाऊण इंच खाली उतरवायला शिंप्याला आवर्जून सांगा.

उंची मानेमागच्या हाडापासून मोजा. जॅकेट नितंबाच्या मध्यावर संपावं. २७ हा आकडा साधारण साडेपाच फूट उंचीसाठी आहे. कुर्ता ४० इंची असेल तर खाली १३ इंच दिसतो, ते प्रमाण छान वाटतं. आखूड कुर्ता असेल तर जॅकेट इंचभर कमी करा.