दाब वाढवला की वाफ ओली का होते, आणि रिहीट नक्की कुठे करायचं

प्रश्न: एका पानावर लिहायचं की बॉयलरचा दाब वाढवला की कार्यक्षमता वाढते, पुढच्या पानावर लिहायचं की त्यानेच टर्बाइनची पाती खराब होतात. मग दाब वाढवायचा की नाही? आणि रिहीट, म्हणजे टर्बाइनमध्ये अर्धवट पसरलेली वाफ बॉयलरमध्ये पुन्हा तापवणं, कार्यक्षमतेसाठी असतं की वाफ कोरडी ठेवण्यासाठी?

दोन्ही पानं बरोबर आहेत. चूक आहे ती 'रिहीटने कार्यक्षमता वाढते' या तिसऱ्या वाक्यात. त्याला पूर्ण मार्क मिळतात, पण रिहीट कुठल्या दाबाला केलं हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. चुकीच्या दाबाला केलेलं रिहीट कार्यक्षमता खाली आणतं. खाली आकडे देतोय, स्टीम टेबल उघडून पडताळून घ्या.

कंडेन्सर 0.1 बारवर धरू, म्हणजे शेवटी वाफ सुमारे 46 अंशांवर असेल. टर्बाइनच्या तोंडाशी वाफ कायम 500 अंशांची. टर्बाइन आणि पंप सध्या आदर्श धरू. बदलायचा फक्त दाब.

30 बारला कार्यक्षमता 35.6 टक्के येते आणि बाहेर पडणाऱ्या वाफेची शुष्कता, म्हणजे वजनाने तिच्यातला कोरड्या वाफेचा हिस्सा, 0.878. 100 बारला कार्यक्षमता 40.2, शुष्कता 0.793. 150 बारला 41.4 आणि 0.760. पहिल्या 70 बारांनी साडेचारच्या वर टक्के मिळवून दिले, पुढच्या 50 बारांनी जेमतेम सव्वा. वाफ मात्र ओली होतच गेली. तापमान न वाढवता नुसता दाब वाढवत राहण्याला माझा विरोध आहे तो यासाठी.

आता कारण. कार्यक्षमता ठरते ती उष्णता सरासरी किती तापमानाला दिली गेली यावर. 30 बारला पाणी 234 अंशांना उकळतं आणि एकूण उष्णतेतली निम्म्याहून जास्त, किलोमागे 1795 किलोजूल, तिथेच जाते. 150 बारला उकळणं होतं 342 अंशांना. हिशोब केला तर उष्णता देण्याचं सरासरी तापमान 222 अंशांवरून 272 वर जातं. फायदा एवढाच आहे आणि तो खरा आहे.

ओलाव्याचं कारण एन्ट्रॉपीत आहे. 500 अंशांचीच वाफ 30 बारला 7.24 एन्ट्रॉपी घेऊन टर्बाइनमध्ये शिरते, 150 बारला फक्त 6.35. कंडेन्सरच्या दाबाला वाफ पूर्ण कोरडी राहायची तर 8.15 लागते. जेवढी कमी घेऊन आलात तेवढं पाणी होणार. तुमच्या तापमान-एन्ट्रॉपीच्या आलेखावर उभी रेघ डावीकडे सरकते म्हणतात ती हीच. टर्बाइन कितीही चांगलं बनवा, त्यावर उपाय नाही. उलट टर्बाइन जितकं चांगलं तितकी वाफ जास्त ओली, कारण ते तिच्यातून जास्त काम काढून घेतं.

आता रिहीट. 150 बारची वाफ एचपी, म्हणजे वरच्या दाबाच्या, टर्बाइनमध्ये 30 बारपर्यंत पसरू द्या. तिथे ती सुमारे 262 अंशांना आणि अजून कोरडी असते. बॉयलरमध्ये परत नेऊन ती 500 अंशांपर्यंत तापवा आणि पुढच्या टर्बाइनमध्ये सोडा. बाहेर पडताना शुष्कता 0.878. हा आकडा वर येऊन गेलाय, 30 बारच्या साध्या बॉयलरचा. शेवटच्या पात्यांना बॉयलरचा दाब माहीतच नसतो, त्यांना फक्त रिहीटचा दाब आणि तापमान कळतं. कार्यक्षमता होते 42.8 टक्के, म्हणजे रिहीट नसलेल्या 150 बारपेक्षाही सव्वा ते दीड टक्का जास्त. कारण रिहीटमध्ये दिलेली उष्णता सरासरी 367 अंशांना गेली, मूळच्या 272 पेक्षा बरीच वर.

तीच वाफ 5 बारपर्यंत पसरू देऊन मग रिहीट केली तर? शुष्कता 0.99, जवळजवळ कोरडी. किलोमागे कामही 30 बारच्या रिहीटमधल्या 1572 वरून 1668 किलोजूल झालं. पण कार्यक्षमता 41.3 टक्के, रिहीट नसतानाच्या 41.4 पेक्षाही कमी. इतक्या खालच्या दाबाला दिलेली उष्णता सरासरी 265 अंशांनाच गेली आणि चक्राची सरासरी तिने खाली ओढली. जास्त काम म्हणजे जास्त कार्यक्षमता असं समजणारे इथे फसतात. शुष्कता कशीही वाढते, कार्यक्षमता मात्र रिहीट वरच्या दाबाला केलं तरच वाढते. म्हणून मोठ्या संचांत रिहीटचा दाब मुख्य दाबाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढा ठेवतात. आपल्याकडच्या जुन्या 210 मेगावॉट संचांत 130 किंवा 150 अॅटा, म्हणजे जवळपास तेवढेच बार, 535 अंश आणि रिहीटही 535 अंश अशी रचना आहे. ती याच हिशोबातली.

एक खुलासा आधीच करायला हवा होता. वरचे सगळे आकडे आदर्श टर्बाइनचे आहेत. खऱ्या टर्बाइनची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर वाया गेलेलं काम वाफेतच उष्णता म्हणून राहतं आणि वाफ थोडी कोरडी होते. रिहीट नसलेल्या 150 बारची शुष्कता 0.760 ऐवजी 0.84 निघते, रिहीट असेल तर 0.95. प्रत्यक्षात 0.88 च्या खाली, म्हणजे 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा, सहसा चालवून घेत नाहीत. तेव्हा 0.84 नापासच. शिवाय ओल्या वाफेत चालणाऱ्या टप्प्यांची कार्यक्षमता ढोबळमानाने दर एक टक्का ओलाव्याला एक टक्का घसरते, म्हणजे रिहीटविना दाबाने मिळवलेल्या सव्वा टक्क्यातलाही काही भाग तिथेच जातो.

पाती कशी झिजतात तेही सांगतो, कारण दोष नेहमी बॉयलरच्या दाबावर ढकलला जातो. बारीक थेंब वाफेबरोबर निघून जातात. त्रास देतात ते मोठे थेंब. स्थिर पात्यांवर पाण्याचा थर साचतो आणि त्यांच्या मागच्या कडेवरून थेंब सुटतात. ते वाफेपेक्षा बरेच हळू असतात, त्यामुळे फिरतं पातंच त्यांच्यावर आपटतं, आणि सर्वात जोरात आपटतं ते टोकाजवळ, कारण तिथे वेग सर्वात जास्त. म्हणून शेवटच्या टप्प्यात पात्याच्या पुढच्या कडेला टोकाकडे स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची पट्टी लावतात. टर्बाइन उघडल्यावर टोकाजवळची पुढची कड पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली तर ती ओलाव्याची खूण समजा. झीज मुळाजवळ आणि मागच्या कडेवर असेल तर दाबाला शिव्या घालू नका. कमी लोडवर वाफ उलटी फिरते आणि एक्झॉस्ट हूडचा स्प्रे पात्यांवर ओढला जातो, त्याचं ते काम असतं.

तापमान आवरायला रिहीटरमध्ये पाणी फवारतात. 'पाण्याचीही वाफच होते, वाया काय जातं?' असं विचारणारे अजून भेटतात. वरच्याच आकड्यांत उत्तर आहे. ते पाणी एचपी टर्बाइनमधून गेलंच नाही, 30 बारलाच त्याची वाफ झाली. म्हणजे तेवढ्या पाण्यापुरतं 42.8 टक्क्यांचं यंत्र सोडून तुम्ही 35.6 टक्क्यांचं चालवताय. मुख्य सुपरहीटरमधल्या स्प्रेचं तसं नाही, ते पाणी पूर्ण दाबातून उतरतं. म्हणून रिहीटचं तापमान शक्यतो बर्नर वरखाली झुकवून किंवा डँपरने सांभाळायचं, स्प्रे अडचणीपुरता.

आणि आता साखर कारखान्यांच्या कोजनबद्दल, म्हणजे एकाच वाफेवर वीजही काढायची आणि रसही उकळायचा त्याबद्दल. '110 अॅटाचा बॉयलर आणि रिहीट नाही, मागासलेली रचना' असं ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्याने हिशोब केलेला नसतो. 110 अॅटाला तापमान 540 अंश असतं. 85 टक्क्यांच्या टर्बाइनमधून कंडेन्सरपर्यंत ती वाफ आणली तर शुष्कता 0.89 येते, मर्यादेच्या जेमतेम वर, पण वर. कारखान्यांनी 45, 67, 87, 110 अॅटा असा दाब चढवला तेव्हा तापमानही 440 पासून 540 पर्यंत चढवलं, म्हणून ओलावा फारसा हलला नाही. शिवाय हंगामात बरीचशी वाफ अडीच अॅटाच्या आसपास रस उकळायला काढून घेतात. तिथे ती जवळपास कोरडीच असते. कंडेन्सरपर्यंत जाते ती उरलेली. आणि रिहीट म्हणजे बॉयलरपर्यंत जाऊन येणारे दोन जाड पाइप, दाबाचं नुकसान, आणि ट्रिप झाल्यावर रिहीटरात कोंडलेल्या वाफेने टर्बाइनचा वेग चढू नये म्हणून वेगळे व्हॉल्व्ह. 20-30 मेगावॉटच्या संचाला एवढा पसारा कोण घालेल?

या रचनेत हातात शिल्लक मात्र काही राहत नाही, हे खरं. बगॅस ओला आला, भट्टी थंडावली आणि वाफेचं तापमान 540 वरून 490 वर आलं, दाब तोच ठेवला, तर शुष्कता 0.89 वरून 0.86 वर येते. थंडीत कंडेन्सरचं व्हॅक्यूम सुधारलं की ओलाव्यात आणखी भर पडते. अशा वेळी दाब धरून बसू नका, तोही 80 बारपर्यंत उतरू द्या. शुष्कता परत 0.885 होते. लोड कमी मिळेल, पण शेवटच्या टप्प्याची पाती वाचतील.