कंपन्या चार दिसतात, पण तू स्वतःहून किती सोडल्यास?

अगं पोरी,

तुझा बायोडाटा नीट वाचला. तुझा प्रश्न असा होता की "अक्का, सगळे म्हणतात मी सारखी नोकऱ्या बदलते, आता नवीन कंपनीत हे कसं सांगू?" तर आधी तू स्वतःच कागदावर काय केलंयस ते बघ. वरनं खाली पाच ओळी आहेत. नोव्हेंबर 2021 ते ऑक्टोबर 2022 कागलला अप्रेंटिस, नोव्हेंबर 2022 ते सप्टेंबर 2023 एक मॅनपॉवर एजन्सी, ऑक्टोबर 2023 ते ऑगस्ट 2024 दुसरी एजन्सी, मग सप्टेंबर ते डिसेंबर 2024 बेळगावात उद्यमबागचं मशीन शॉप आणि 2025 चं सगळं वर्ष मच्छेला फिक्स्ड टर्म. बायोडाटा चाळणारा माणूस अर्ध्या मिनिटात एवढंच बघतो की पाच ओळी आहेत, चार वर्षं आहेत, म्हणजे ही कुठंच वर्षभर टिकत नाही, आणि कागद बाजूला जातो.

पण खरं काय घडलंय? कागलची पहिली तीन कामं एकाच प्लँटमधली, एकाच क्वालिटी डिपार्टमेंटची, तोच सुपरवायझर, निपाणीवरनं जाणारी तीच बस. तू जागची हलली नाहीस, बदलला तो फक्त पगार काढणारा. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचं टेंडर संपलं, दुसरा आला आणि त्यानं जुनीच माणसं आपल्या रोलवर घेतली. हे कागलला होतं, शिरोलीला होतं, उद्यमबागेतही होतं, यात तुझा काय दोष? म्हणून मी बायोडाटा बघताना किती कंपन्या हे मोजतच नाही, माणसानं स्वतःहून किती वेळा सोडलं ते मोजते. तुझ्या बाबतीत ते एकदाच आहे, उद्यमबागचं. बाकी ठिकाणी एकतर रोल बदलला नाहीतर कराराची मुदत संपली. हे वाचणाऱ्याला न विचारता दिसलं पाहिजे, सगळी मेहनत त्यासाठी करायची.

आता मांडायचं कसं ते सांगते. तू इंग्रजीत लिहिशील, मी इथं मराठीत सांगते. कागलच्या तीन ओळींचा एकच गठ्ठा कर. वर ठळक अक्षरात प्लँटचं नाव, गाव कागल, नोव्हेंबर 2021 ते ऑगस्ट 2024, म्हणजे 2 वर्षं 10 महिने. त्याखाली बारीक अक्षरात, "पहिलं वर्ष अप्रेंटिस, त्यानंतर अमुक एजन्सी आणि तमुक एजन्सी यांच्या रोलवर, याच क्वालिटी विभागात." आणि मग तीनही काळातलं काम सलग लिही, आधी गेज लावून इनलाइन तपासणी, मग फर्स्ट पीस अप्रूव्हल, मग सीएमएम या मापं घेणाऱ्या मशीनवर रिपोर्ट काढणं. काम वाढत गेलं हे त्या क्रमातच दिसतं, "जबाबदारी वाढली" असं वेगळं लिहायची गरजच पडत नाही.

एजन्सीचं नाव मात्र गाळू नको, हे मी फार कळकळीनं सांगते. बरेच जण नुसतं मोठ्या कंपनीचं नाव टाकतात, एजन्सीचं लपवतात, आणि फसतात. कारण तुझ्या पीएफला कंपनीचं नाव नाहीच आहे, तिथं एजन्सीचंच नाव आहे. ऑफर आल्यावर बॅकग्राउंड चेक करणारे तुझ्या पीएफच्या यूएएन नंबरची हिस्ट्री बघतात, कंपनीच्या एचआरला फोन करतात, तिकडनं उत्तर येतं की या नावाची कुणी आमच्या रोलवर नव्हती. उत्तर खरंच असतं, पण तुझ्या नावापुढं खोटी माहिती असा शेरा बसतो. अल्प मुदतीची नोकरी एकवेळ चालते गं, हा शेरा नाही चालत. आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये जिथं "एम्प्लॉयर" विचारतात तिथं एजन्सीचंच नाव टाकायचं, प्लँटचं नाव कामाच्या वर्णनात.

म्हणून बायोडाटा पाठवायच्या आधी बसून एक काम कर. पीएफच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन कर, `View` मध्ये `Service History` उघड. तिथं प्रत्येक मालकाची वेगळी ओळ येते, लागल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख. ती ओळन् ओळ बायोडाटाशी जुळवून बघ.

तू या हिस्ट्रीचा जो स्क्रीनशॉट मला पाठवलायस त्यात दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे दुसऱ्या एजन्सीनं सोडल्याची तारीखच भरलेली नाही, ती जागा मोकळी आहे. म्हणजे रेकॉर्डप्रमाणं तू ऑगस्ट 2024 नंतरही तिथंच आहेस आणि सप्टेंबरपासून उद्यमबागलाही आहेस, एका वेळी दोन नोकऱ्या! तपासणाऱ्याला तू नोकऱ्या बदलणारी नाही, चोरून दोन ठिकाणी काम करणारी वाटशील. याला एजन्सीच्या पाया पडायला नको. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले की आपण स्वतः तारीख भरू शकतो, `Manage` मध्ये `Mark Exit`, एजन्सीचं खातं निवड, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तारीख शेवटचा पीएफ ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली घ्यायची, तुझ्या बाबतीत ऑगस्ट 2024, आणि पासबुक शेजारी उघडं ठेवूनच भर कारण तारीख चुकली तर दुरुस्तीचा व्याप वाढतो. कारणामध्ये `Cessation (Short Service)` असा पर्याय दिसेल, ते "शॉर्ट" वाचून दचकू नको, तो पीएफच्या हिशेबातला शब्द आहे, तुझ्या चारित्र्याचा दाखला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अप्रेंटिसचं वर्ष त्या हिस्ट्रीत नाहीच. घाबरू नको, अप्रेंटिस कायद्याखाली स्टायपेंडवर असणाऱ्याचा पीएफ कापत नाहीत म्हणून ते तिथं येत नाही. पण मग त्या वर्षाचा पुरावा तुझ्याकडंच पाहिजे. डिप्लोमावाल्यांची अप्रेंटिसशिप नॅट्स या सरकारी पोर्टलवर नोंदलेली असते, ते काँट्रॅक्ट डाउनलोड करून ठेव आणि प्रोफिशियन्सी सर्टिफिकेट त्याला जोड. आणि एक लक्षात घे, आपण कर्नाटकातले असलो तरी तू कागलला केलीस म्हणजे महाराष्ट्रात, तो भाग मुंबईच्या अप्रेंटिस बोर्डाकडं येतो, चेन्नईच्या नाही. काही अडलं तर चुकीच्या दारात चकरा मारत बसू नको.

आता पत्रांचं. तू म्हणालीस कागलच्या एचआरनं अनुभवाचं पत्र द्यायला साफ नकार दिला, आणि तुला ते फार लागलं. अगं, त्यात तुझ्या कामाबद्दल काहीच नाही. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला कंपनीनं आपल्या लेटरहेडवर पत्र दिलं तर उद्या तो माणूस तेच दाखवून "मी तुमचाच कामगार, मला कायम करा" म्हणून उभा राहील ही त्यांची भीती, म्हणून मोठ्या कंपन्या सहसा देत नाहीत. पत्र मागायचं ते एजन्सीकडं. पण एजन्सीवाले छापील दोन ओळी देतात ज्यात प्लँटचा पत्ताच नसतो, म्हणून मजकूर आपणच तयार करून मेल करायचा. "यांना या या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्या रोलवर, अमुक कंपनीच्या कागल येथील प्लँटमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून नेमलं होतं, कराराची मुदत संपल्यामुळे सेवा समाप्त झाली." यातले दोन तुकडे हातचे सोडू नको, प्लँटचं नाव आणि "कराराची मुदत संपल्यामुळे". हा दुसरा तुकडा मच्छेच्या पत्रातही असायला हवा, तिथं "राजीनामा दिल्याने" असं छापून आलं असेल तर आजच दुरुस्त करून माग, कारण वर्षाचा करार तू पूर्ण केलायस. सोबत सगळ्या पगाराच्या स्लिपा ठेव, गेट पासची झेरॉक्स असेल तर ठेव, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं ठेव. पार्टचे फोटो आणि ड्रॉइंग मात्र पुरावा म्हणून कुणाला दाखवू नको, ती त्यांची मालमत्ता आहे आणि नवीन कंपनीला उलट धडकीच भरते की उद्या आमचंही बाहेर नेईल.

राहिलं उद्यमबागचं चार महिन्यांचं. तुझी मैत्रीण म्हणते काढूनच टाक. मी म्हणते ठेव. पीएफ कापलाय म्हणजे ते दिसणारच, आणि फॉर्मवर आधीच्या सगळ्या नोकऱ्या लिहा म्हटल्यावर गाळणं म्हणजे खोटं लिहिणंच झालं. पण त्याला जागा एकच ओळ द्यायची, कंपनी, पद, महिने, खाली कामाचं वर्णन नको. आणि विचारलं की एवढंच सांग, "फायनल इन्स्पेक्शनसाठी घेतलं होतं, काम स्टोअरच्या डिस्पॅच एंट्रीचं मिळालं, बोलून बघितलं, बदल झाला नाही म्हणून नोटीस देऊन सोडलं, रिलिव्हिंग लेटर आहे." इथं थांब. मालक कसा होता, पगार किती उशिरा व्हायचा, यातलं एक अक्षर बोलू नको, भले खरं असो. उद्यमबाग काय केवढी, समोरचा माणूस संध्याकाळी त्याच मालकाबरोबर चहा घेत असेल.

"चार वर्षांत चार कंपन्या का?" असं कुणी विचारलंच तर सफाई देत बसू नको, आकडा सांग. "सर, कागलला एकाच प्लँटमध्ये 2 वर्षं 10 महिने होते, पहिलं वर्ष अप्रेंटिस, मग रोल दोन एजन्सीचे. मच्छेचा करार वर्षाचा होता, तो पूर्ण केला. स्वतःहून एकच नोकरी सोडली." मराठीत सांग, कन्नडात सांग, हिंदीत सांग, पण याच क्रमानं. कन्नडात जमतं तुला, मच्छे-उद्यमबागकडं त्याचा उपयोग कर की.

हे सगळं एवढ्यासाठी जमतं की तुझी खरी गोष्ट चांगली आहे. उद्या अजून दोन ठिकाणं सहा सहा महिन्यांत स्वतःहून सोडलीस तर ओळी कशाही रचल्या तरी काही होणार नाही, मग ते नोकऱ्या बदलणंच ठरेल आणि वाचणारा बरोबर असेल. म्हणून आता जी ऑफर आलीय तिथं सही करायच्या आधी फोनवर नाही, मेलवर विचार, की रोल कुणाचा, कंपनीचा की एजन्सीचा, मुदत किती आणि मुदतवाढ कशावर ठरते, आणि काम नक्की कुठल्या विभागात. तिसरं उत्तर लेखी आलं नाही तर घाई करू नको, उद्यमबागला तेच तोंडी राहिलं होतं.

`Mark Exit` झालं की हिस्ट्रीचा नवीन स्क्रीनशॉट पाठव, यूएएन नंबर झाकून पाठव हं, आणि दोन्ही एजन्सींना पाठवायचा मेल मला आधी दाखव, तारखा मी एकदा पडताळून देते.

तुझी,
अक्का