रात्री दीड वाजताची गोळी

“झोपेसाठी झोल्पिडेम चालू आहे, सोबत मेलाटोनिनही घेते. ही औषधं किती दिवस घ्यायची? आणि सकाळी गाडी चालवताना डोळे जड होतात, ते गोळीमुळेच का?”

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच काम देते. दोन आठवडे वहीत चार वेळा लिहायच्या: अंथरुणावर गेल्याची, गोळी घेतल्याची, उठल्याची आणि गाडी सुरू केल्याची. चाळिशीतल्या एका बाईंची अशी वही मला अजून आठवते. चौदा महिने त्या झोल्पिडेम घेत होत्या, दहा मिलीग्रॅम. सिग्नल हिरवा झालेला कळला नाही आणि मागचा हॉर्न वाजवत राहिला, त्या दिवशी घाबरून त्या माझ्याकडे आल्या.

वहीत अंथरुणावर जाण्याची वेळ साडेनऊ होती. गोळीची वेळ कुठे १:२०, कुठे १:४०.

“इतक्या उशिरा का?”

“शक्यतो गोळी न घेता झोपायचं असं रोज ठरवते. अगदीच जमलं नाही, तरच घेते.”

गोळी कमी करायची म्हणून त्या चार तास झोपेची वाट पाहायच्या, आणि हरल्या की पूर्ण गोळी घ्यायच्या. सहाला उठून पावणेसातला गाडीत. मी वहीच्या समासात हिशेब मांडला. झोल्पिडेमचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांनी निम्मं होतं. दीडची गोळी साडेसहाला अजून पाव भाग शिल्लक असते. तीच साडेदहाला घेतली असती, तर दहावा भाग उरला असता. म्हणूनच ही गोळी झोपायच्या अगदी आधी आणि पुढे सलग सात-आठ तास हाताशी असतील तरच घ्यायची असते. बायकांच्या शरीरातून ती आणखी सावकाश उतरते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये बायकांसाठी सुरुवातीचा डोस दहावरून पाचवर आणायला लावला, तो याच कारणाने. यातली फसवी गोष्ट अशी, की माणसाला आपण पूर्ण जागे आहोत असं वाटतं, पण ब्रेकवर पाय उशिराच पडतो. रात्री दारू घेतली असेल, तर धोका वाढतो. सावकाश विरघळणारी जात घेणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी चालवूच नये.

मेलाटोनिनची गोष्ट निराळी. ते ‘आता रात्र झाली’ एवढा निरोप शरीराला देतं. गुंगी आणणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. म्हणून ते झोपायच्या तास-दोन तास आधी घ्यायचं. या बाई मध्यरात्री दहा मिलीग्रॅम घेत होत्या, आणि सकाळचं जडपण त्यानेही वाढत असणार. युरोपात पंचावन्नच्या पुढच्यांना दोन मिलीग्रॅमची सावकाश सुटणारी गोळी जास्तीत जास्त तेरा आठवडे देतात. झोल्पिडेमची मुदत त्याहून कमी, दोन ते चार आठवडे.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “साडेनऊ ते दीड तुम्ही काय करता?”

“घड्याळ बघते.” मग बराच वेळ त्या गप्प होत्या. “म्हणजे मी रोज चार तास जागं राहायचा सरावच करतेय.”

हे त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी दोन भेटी थांबले होते. माझा विश्वास सवयीवर आहे. जागेपण ज्या अंथरुणाला चिकटलंय, तिथून ते सोडवायला हवं; गोळी हे काम करत नाही. झोप चार-साडेचार तासांचीच होत होती, म्हणून अंथरुणाचे तास साडेआठवरून सहा केले: बारा ते सहा. वीसेक मिनिटांत झोप नाही आली, तर उठून दुसऱ्या खोलीत. बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. यात पहिले दोन-तीन आठवडे दिवसा पेंग येते, म्हणून तेवढे दिवस गाडी बंद. ही अट मी कुणासाठीच सैल करत नाही.

गोळी त्यांच्या डॉक्टरांनी उतरवली. मेलाटोनिन लगेच बंद. झोल्पिडेम आधी पाच मिलीग्रॅम, तीही ठरल्या वेळी, अंथरुणावर जाताना. मग अडीच, मग एक दिवसाआड. (सावकाश विरघळणारी गोळी मात्र कधी तोडायची नाही.) इतक्या महिन्यांची गोळी एका रात्रीत सोडली, तर त्रास होऊ शकतो.

शेवटची गोळी सुटली त्या रात्री त्या जेमतेम तीन तास झोपल्या. सकाळी फोन आला, “बघा, गोळीशिवाय माझं भागत नाही.” गोळी सुटल्यावर एक-दोन रात्री झोप उलट फिरते, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी त्या क्षणी ते पटत नाहीच. मी म्हटलं, आजची रात्र वहीत लिहा, आणि गाडी नको. तिसऱ्या रात्रीच्या नोंदीत साडेपाच तास होते.

आता त्या साडेअकराला अंथरुणावर जातात. घड्याळ बाहेरच्या खोलीत आहे.