बैठक व्यवस्थेचं उत्तर तपासायचं कसं?

प्रश्न: आकृती पुन्हा पाहिली तरी बरोबरच वाटते, मग उत्तर चुकतं कसं?

जुनी आकृती झाका आणि दुसऱ्याच व्यक्तीपासून नवी काढा. समजा, अ, ब, क, ड, ई, फ हे सहा जण गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसलेत. अ-ड समोरासमोर, ब अच्या लगेच उजवीकडे, क बच्या डावीकडे दुसरा, ई बशेजारी नाही. प्रश्न: डच्या लगेच डावीकडे कोण? आधी अपासून मांडलं असेल तर आता बला कागदाच्या तळाशी बसवा. तिथे त्याचा उजवा हात म्हणजे कागदाची उजवी बाजू. तिथून उजवीकडे फिरत क्रम येतो ब, फ, ड, ई, क, अ. म्हणजे डच्या लगेच डावीकडे फ. आधीच्या आकृतीत तिथे ई आला असेल तर डावं-उजवं उलटलंय. ही चूक दोन्ही वेळा सारखीच झाली तर मात्र उत्तरं जुळतात, म्हणून सुरुवात तळापासूनच.